कपाने जमणारा ब्रेड ग्रॅमने फसला. एक कप मैदा म्हणजे नक्की किती ग्रॅम?

मृण्मयी_ज

गेली तीन वर्षं मी एकच साधा ब्रेड करतेय. मैत्रिणीने वहीत लिहून दिलेली कृती आहे: ३ कप मैदा, सव्वा कप पाणी, दीड चमचा मीठ, एक चमचा इन्स्टंट यीस्ट. कपाने मोजून केला की दर वेळी जमतो. कधी जरा घट्ट, कधी जरा सैल, पण फसत नाही.

मागच्या आठवड्यात वजनकाटा घेतला आणि ठरवलं की आता सगळं ग्रॅममध्ये लिहून ठेवायचं. तक्त्यात मिळालं १ कप मैदा १२० ग्रॅम, १ कप पाणी २४० ग्रॅम. म्हणजे ३६० ग्रॅम मैदा आणि ३०० ग्रॅम पाणी. मीठ आणि यीस्ट नेहमीसारखं मापाच्या चमच्यानेच घेतलं.

पीठ मळताच येईना. हाताला, ओट्याला, सगळीकडे चिकटलं. शेवटी टिनमध्ये अक्षरशः ओतलं. ब्रेड बसका झाला, आतून ओलसर राहिला, आणि खारट लागला. मीठ नेहमीएवढंच असून खारट कसा, हे मला कळलं नाही. दोन दिवसांनी परत केला, तेच झालं.

मग आणखी तक्ते शोधले. एकात १ कप मैदा १२५ ग्रॅम, दुसऱ्यात १४२. तीन ठिकाणी तीन आकडे. यातला खरा कोणता?

अनिरुद्ध७७

यात गोंधळण्यासारखं काही नाही. कप २४० मिलीचा असतो. १ मिली म्हणजे १ ग्रॅम. म्हणून १ कप म्हणजे २४० ग्रॅम. तुम्ही मैदा निम्माच घेतलात, म्हणून पीठ पातळ झालं.

चंदना

अनिरुद्ध, १ मिली = १ ग्रॅम हे पाण्यापुरतं खरं आहे. दुधाला थोडक्या फरकाने चालेल. मैद्याला नाही. कपभर मैदा आणि कपभर पाणी दोन हातांत धरून पाहा, काट्याचीही गरज पडणार नाही. तुमच्या हिशोबाने ७२० ग्रॅम मैदा आणि ३०० ग्रॅम पाणी होतं. त्याचा गोळाच होणार नाही, कोरडा भुगा राहील.

रेवती_पी

मला वाटतं यीस्ट जुनं असेल. माझा ब्रेड असाच बसायचा, यीस्ट बदललं आणि सुरळीत झालं. किंवा मैद्याची पिशवी बदलली असेल. प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही, प्रोटीन कमी असलं की तेवढ्याच पाण्यात पीठ सैल पडतं.

मृण्मयी_ज

रेवती, पिशवी तीच आहे, यीस्टही तेच. मधे एकदा कपाने करून पाहिला, नेहमीसारखा छान झाला. म्हणून तर माझा काट्यावरचा विश्वास उडायला लागलाय.

भट्टीवाले_काका

काट्यावरचा विश्वास उडू देऊ नका. त्याने खरं तेच सांगितलं, चुकीचा आहे तो तक्त्यातला आकडा, म्हणजे तुमच्यासाठी चुकीचा. मी बावीस वर्षं बेकरीत पीठ तोललंय. तुमचा प्रश्न आला की मी आधी खारटपणाकडे बघतो.

नुसतं पाणी जास्त पडलं असतं तर ब्रेड सैल झाला असता, पण खारट झाला नसता. यीस्ट मेलेलं असतं तर बसका झाला असता, पण मळतानाच पीठ ओघळलं नसतं. सैल आणि खारट ही दोन्ही लक्षणं एकाच वेळी दिसली, तर त्याचा अर्थ एकच निघतो: मैदा कमी पडलाय. मैदा कमी झाला की त्याच्या मानाने पाणीही जास्त होतं आणि मीठही. आणखी एक सांगा, ब्रेड आकाराने नेहमीपेक्षा लहान झाला होता का?

म्हणजे तुमचा कप १२० ग्रॅमचा नाही, त्याहून बराच जड आहे. किती जड, ते तुमच्या स्वयंपाकघराबाहेर कुणीच सांगू शकत नाही. एवढं करा. रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. काठोकाठ पाणी भरा, आकडा लिहा. मग कप पुसून पूर्ण कोरडा करा आणि नेहमी घेता तसाच मैदा घ्या. नेहमीसारखाच, काटा समोर आहे म्हणून जपून नको. सपाट करून तोला, डब्यात परत ओता, पुन्हा घ्या. असं पाच वेळा. पाचही आकडे इथे टाका.

मृण्मयी_ज

हो काका, लहान झाला होता. एरवी टिनच्या काठाच्या वर येतो, या वेळी काठापर्यंतही पोचला नाही. मी ते यीस्टवर ढकललं होतं. मोजते आणि लिहिते.

ओवी

एवढं कशाला? पीठ सैल वाटलं तर मूठभर मैदा घालायचा, घट्ट वाटलं तर पाण्याचा हात लावायचा. माझ्या आईने आयुष्यात कधी कप घेतला नाही की काटा. हाताला कळतं.

भट्टीवाले_काका

ओवी, ब्रेडच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मळताना पीठ हातात असतं, सुधारायला वेळ असतो. पण मूठभर मैदा घातला की मीठ आणि यीस्टचं प्रमाण बदलतं, आणि ते हाताला कळत नाही, जिभेला दुसऱ्या दिवशी कळतं. शिवाय केकच्या मिश्रणात हात घालून काही समजत नाही. मैदा वीस-तीस ग्रॅमने जास्त झालाय हे केक कापल्यावर कळतं, आणि तोवर करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

मृण्मयी_ज

मोजलं.

काठोकाठ पाणी: २४९ ग्रॅम.
मैदा, नेहमीसारखा डब्यात कप खुपसून, सुरीने सपाट करून: १५४, १४७, १५९, १५०, १५५. सरासरी १५३.

माझा माझ्यावर विश्वास बसत नाहीये. तोच कप, तोच मैदा, तोच हात, आणि दोन वेळांमधला फरक १२ ग्रॅमचा! आणि तक्त्यातल्या १२० च्या जवळ यातला एकही आकडा नाही.

आदित्य_क

सापडलं की! तुमचा कप २५० मिलीचा आहे. तक्ते बहुतेक अमेरिकन कपाचे असतात, तो सुमारे २३७ मिलीचा. अमेरिकेत वेष्टनावरच्या पोषणमूल्यांसाठी २४० धरतात. ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००. कप मोठा म्हणून मैदा जास्त. प्रश्न मिटला.

भट्टीवाले_काका

आदित्य, कप मोठा आहे हे बरोबर ओळखलंत, पण तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. हिशोब करून बघू.

२३७ मिलीच्या कपात १२० ग्रॅम, तर २५० च्या कपात साधारण १२७ ग्रॅम. तीन कपांचे ३८० ग्रॅम. पाणीही त्याच कपाने, सव्वा कप म्हणजे ३११ ग्रॅम. मैदा १०० धरला तर पाणी ८२ येतं. मृण्मयीने तक्त्यावरून केलं त्यात ३६० ला ३००, म्हणजे ८३. कप बदलून जेमतेम एकाचा फरक पडला. ८२ ला सुद्धा पीठ ओघळणारच.

कारण साधं आहे. मैदा आणि पाणी एकाच कपाने मोजलं की कप मोठा असो वा लहान, दोघंही सारखेच वाढतात. ब्रेड मोठा होतो, प्रमाण तेच राहतं. कपाचा आकार तेव्हा नडतो जेव्हा कृतीत काही कपाने असतं आणि काही नगाने किंवा वजनाने. दोन अंडी ही दोनच राहतात, यीस्टचं पाकीट तेवढंच राहतं, मापाचा चमचा ५ मिलीचाच राहतो.

आता मृण्मयीचे खरे आकडे घ्या. १५३ चे तीन कप म्हणजे ४५९ ग्रॅम मैदा, पाणी ३११. हे प्रमाण १०० ला ६८ येतं. साध्या टिनमधल्या ब्रेडसाठी अगदी ठीक. मीठ दीड चमचा, बारीक मीठ असेल तर ९ ग्रॅमच्या आसपास. ४५९ ला ९ म्हणजे १०० ला २, ब्रेडमध्ये नेहमी असतं तेवढंच. तेच ९ ग्रॅम ३६० ग्रॅम मैद्यात पडलं की अडीच होतं. तो अर्धा टक्का तुम्हाला खारट लागला. मैत्रिणीची कृती मुळात बरोबर आहे, आणि तीन वर्षं तुम्ही ती बरोबरच करत होतात.

मृण्मयी_ज

काका, मीठ बारीकच आहे. आता खारटपणाचं कोडं सुटलं. पण मग मूळ प्रश्न तसाच राहतो. १२०, १२५ आणि १४२ यातलं खोटं कोण बोलतंय?

भट्टीवाले_काका

कुणीच नाही. १२० हा किंग आर्थर बेकिंग या अमेरिकन मैदा कंपनीच्या तक्त्यातला आकडा. त्यांच्या पद्धतीत मैदा आधी ढवळून मोकळा करतात, मग चमच्याने हलकेच कपात घालतात आणि सपाट करतात. १४२ अमेरिकाज टेस्ट किचन या पाककृती तपासून छापणाऱ्या संस्थेचा, ते कप मैद्यात खुपसून भरतात आणि सपाट करतात. १२५ अमेरिकेच्या कृषी विभागाच्या नोंदीतला. प्रत्येकाने आपापल्या सवयीचं वजन लिहिलंय. तुमचे १५३ तुम्ही २३७ च्या कपाला आणलेत तर १४५ च्या आसपास येतात, म्हणजे टेस्ट किचनच्या शेजारी. तुम्ही खुपसणाऱ्या आहात, तक्ता घेतलात चमच्याने घालणाऱ्यांचा.

चंदना

मी लगेच काटा काढून बघितला. माझाही कप २५० चा. चमच्याने हलकेच घातला तर १२९. चाळणीतून थेट कपात पाडला तर १२०. आणि मग उत्सुकता म्हणून कप ओट्यावर हळूहळू आपटत राहिले, मैदा खाली बसला की वरून भरत राहिले. १७५ पर्यंत गेला! एकाच कपात १२० पण मावतो आणि १७५ पण.

आदित्य_क

हे मला पटत नाहीये. शाळेत शिकलो की घनता हा पदार्थाचा गुणधर्म आहे. लोखंडाची ठरलेली, पाण्याची ठरलेली. मग मैद्याची का ठरलेली नाही?

भट्टीवाले_काका

मैद्याच्या एकेका कणाची ठरलेली आहे. कण पाण्याहून जड असतो, साधारण दीडपट. म्हणून तर मैदा ढवळला नाही की पाण्याच्या तळाशी जाऊन बसतो. पण आपण कपात कण मोजत नाही, ढीग मोजतो, आणि ढिगात कणांबरोबर हवा असते.

१२० ग्रॅमच्या कपाचा हिशोब केलात तर प्रत्यक्ष मैद्याने व्यापलेली जागा एक तृतीयांशाच्या थोडी वर भरते. बाकी सगळी हवा. म्हणजे आपण कप मैदा म्हणतो तेव्हा मुख्यतः हवा मोजत असतो. चाळलं की हवा वाढते, खुपसलं की कमी होते, आपटलं की आणखी कमी. घरात पिशवी येते तेव्हा वाहतुकीच्या हादऱ्यांनी मैदा आधीच बसलेला असतो, म्हणून नव्या पिशवीतला पहिला कप बहुधा जड भरतो.

साखरेचं असं होत नाही. तिचे दाणे मोठे, टणक, एकमेकांवरून घसरणारे. कपात पडतानाच ते आपापली जागा घेतात. मैद्याचे कण बारीक आणि वेडेवाकडे, एकमेकांना धरून बसतात आणि मधे पोकळ्या सोडतात. ती पोकळी हात लागला की मोडते.

याची खूण तुम्हाला तक्त्यांमध्येच दिसेल. दोन-तीन तक्ते शेजारी ठेवा. साखर सगळीकडे १९८ किंवा २०० ग्रॅम. लोणी २२७. पाणी २३७ ते २४०. आणि मैदा ११५ पासून १४५ पर्यंत कुठेही. जिथे तक्त्यांचं एकमत आहे ती वस्तू कपात दाबली जात नाही. जिथे ते भांडतात ती वस्तू दाबली जाते. म्हणून साखर, तेल, दूध, पाणी यांचं रूपांतर कुठल्याही तक्त्यावरून बिनधास्त करा, फक्त कप कितीचा ते बघा. थांबायचं ते मैदा, कोको, पिठीसाखर आणि ओलसर ब्राउन शुगर या चौघांपाशी. ब्राउन शुगरपुढे कृतीत ‘दाबून भरलेली’ असं लिहितात ते याचसाठी. एकदा पूर्ण दाबली की अजून दाबली जात नाही, मग सगळ्यांचा कप सारखा होतो.

स्नेहल_व

कोकोचं नाव निघालं म्हणून माझं सांगते. मी चॉकलेट केकमध्ये मैद्याचा १२० चा आकडा कोकोलाही लावला होता. अर्धा कप कोको, म्हणून ६० ग्रॅम. केक कडू, कोरडा, कापताना भुगा. मला वाटलं कोको कमी प्रतीचा निघाला. नंतर तक्ता पाहिला तर कपाला ८५ च्या आसपास, म्हणजे अर्ध्या कपाला ४२-४३ ग्रॅमच पाहिजे होता. बाकीच्या पिठांचंही असंच असतं का? मला तांदळाच्या पिठाचं विचारायचंय.

चंदना

स्नेहल, तांदळाचं पीठ सहसा मैद्यापेक्षा जड भरतं. तक्त्यांत कपाला १४० ते १६० पर्यंत दिसतं. पण किती बारीक दळलंय त्यावर ते फिरतं, त्यामुळे स्वतः तोलणंच बरं. आणि मैद्याऐवजी घालायचं असेल तर कपाला कप घालू नका, वजनाला वजन घाला. तरीही पाणी निराळं लागेल, ते वजनाने सुटत नाही.

स्नेहल_व

म्हणजे तोलून सुद्धा अंदाज करावाच लागतो?

चंदना

काही प्रमाणात, हो. काटा एवढंच सांगतो की पीठ किती आहे. ते पाणी किती पिणार हे तो सांगत नाही. रेवती वर म्हणाली ते तिथे लागू पडतं. मृण्मयीच्या बाबतीत पिशवी तीच होती म्हणून तो मुद्दा गळला, पण पिशवी बदलली की मी पाण्यातलं १०-१५ ग्रॅम बाजूला ठेवते आणि मळताना लागलं तर घालते.

रेवती_पी

धन्यवाद चंदना, मला वाटलं माझं पूर्णच चुकलं. एक शंका. दमट हवेत मैदा ओलावा धरतो. मग वजन तरी खरं कसं?

भट्टीवाले_काका

धरतो. पण हिशोबाने बघा. मैद्यातला ओलावा साधारण १२ ते १४ टक्क्यांच्या आसपास असतो. तो दोन टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तर ४५९ ग्रॅममध्ये फरक ९-१० ग्रॅमचा. तेवढा मळताना हाताने सांभाळता येतो. कपाने मात्र मृण्मयीच्या ३६० आणि ४५९ मध्ये ९९ ग्रॅमचा फरक पडला. दोन्ही चुका आहेत, पण एक दुसरीच्या दहापट आहे. आधी मोठी मिटवा.

चंदना

अजून एक जागा आहे जिथे कपाचे ग्रॅम करताना हमखास घसरायला होतं. कृतीत चाळण्याचा शब्द कुठे आलाय ते बघायचं. ‘१ कप चाळलेला मैदा’ म्हणजे आधी चाळायचा, मग कप भरायचा. माझ्या मोजणीत तो १२० भरला, अमेरिकन कपाला ११५ च्या घरात. ‘१ कप मैदा, चाळून’ म्हणजे आधी कप भरायचा आणि मग तो चाळायचा. तो खुपसून भरला असेल तर १५०. चाळल्याने वजन बदलत नाही, फक्त फुगतो. भाषांतर केलेल्या कृतींमध्ये हा क्रम सर्रास उलटापालटा झालेला असतो. मी एका स्पंज केकमध्ये यावरून तीन वेळा फसलेय. तीन वेळा घट्ट, रबरासारखा केक. तिसऱ्यानंतर मूळ कृती शोधून वाचली तेव्हा कळलं की चाळलेला मैदा मोजायचा होता.

मृण्मयी_ज

आज केला. ४५९ ऐवजी सरळ ४६० ग्रॅम मैदा आणि ३१० पाणी घेतलं, मीठ ९ ग्रॅम तोलून. पीठ ओळखीचं लागलं, नेहमीचंच. ब्रेड टिनच्या वर आला. चव बरोबर.

यीस्ट मात्र काट्यावर नीट तोलता येईना. चमचाभर म्हणजे ३ ग्रॅम धरतात ना? काटा आधी काहीच दाखवेना, मग एकदम ४ वर गेला.

भट्टीवाले_काका

घरगुती काटे एकेका ग्रॅमने चढतात, आणि अगदी थोडं थोडं घातलं तर काहींना ते उमगतच नाही. ३ ग्रॅमला १ ग्रॅमची चूक म्हणजे एक तृतीयांश. यीस्ट, बेकिंग पावडर, सोडा हे सपाट चमच्यानेच घ्या, किंवा ०.१ ग्रॅमने चढणारा छोटा काटा घ्या. मिठाला ९ ग्रॅमपर्यंत तुमचा काटा चालेल. आणि मीठ बदललं तर मात्र चमचा सोडा, वजनच धरा. जाड, पापुद्र्यांचं मीठ चमच्यात बारीक मिठाच्या निम्मंच भरतं. तिथेही तीच हवा.

ओवी

मी अजूनही म्हणते, ब्रेडला हात पुरे. पण खारटपणावरून मैदा कमी पडल्याचं ओळखलं ते मला आवडलं. आमच्याकडे पीठ सैल झालं की मैदा वाढवायचा एवढंच ठाऊक, मिठाकडे कधी लक्षच गेलं नाही. आई शेवटी चिमूट मीठ वाढवायची ते याचसाठी असेल का?

भट्टीवाले_काका

असू शकेल. मूठभर मैदा म्हणजे ३०-४० ग्रॅम सहज होतो, त्याला दोन टक्क्यांनी पाऊण ग्रॅमच्या आसपास मीठ लागतं. तुमच्या आईचा हात तो हिशोब करत असेल तर मी हात जोडतो.

स्नेहल_व

काका, मृण्मयीचं जमलं कारण कपाने करायची सवय तिचीच होती, तिला तिचाच कप तोलता आला. माझ्याकडे एक केकची कृती आहे, कुणी लिहिली ठाऊक नाही. अडीच कप मैदा, दीड कप साखर, १ कप दूध, पाऊण कप तेल, दोन अंडी. कप कितीचा, मैदा कसा भरायचा, काही लिहिलेलं नाही. आता मी कुठला आकडा धरू?

आदित्य_क

मैदा सोडून बाकी सगळं तर दाबलं न जाणारं आहे. म्हणजे मैदा एकटाच अनोळखी. त्याचं प्रमाण बाकीच्यांवरून काढता येईल ना, ब्रेडमध्ये पाणी आणि मिठावरून काढलं तसं?

भट्टीवाले_काका

आदित्य, विचार बरोबर दिशेने आहे, पण केकमध्ये ती वाट रुंद आहे. साध्या ब्रेडला मीठ दोनच्या आसपास आणि पाणी पासष्ट-सत्तर, एवढी अरुंद पट्टी आहे, म्हणून चुकलेला आकडा लगेच उघडा पडतो. केकमध्ये साखर मैद्याच्या बरोबरीची असते, कमी असते, जास्तही असते, आणि सगळे केक चांगले होतात. स्नेहलच्या कृतीत अमेरिकन कप धरला तर साखर ३०० ग्रॅम. मैदा १२० ने ३०० येतो, १४५ ने ३६२. दोन्ही शक्य दिसतात. पहिला मऊ आणि ओलसर होईल, दुसरा घट्ट जाळीचा.

मी असतो तर १२५ ने सुरुवात केली असती, कारण केकमध्ये मैदा कमी पडण्यापेक्षा जास्त पडल्याने जास्त केक बिघडलेले मी पाहिलेत.

चंदना

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. कृती जुनी किंवा घरगुती वहीतली असेल तर लोक खुपसूनच भरायचे असं मी धरते, आणि १४० ने सुरुवात करते. तेल पाऊण कप आहे, दूध कपभर आहे. एवढं पातळ १२५ च्या मैद्याला झेपेल का याची मला शंका वाटते. मधे खड्डा पडेल.

भट्टीवाले_काका

तुमची शंका रास्त आहे. दोन अंडीच आहेत, तीही आधार कमीच देणार. तरी मी १२५ वरच राहतो.

स्नेहल_व

मग दोन्ही करते. कृती निम्मी केली की अंडं एक येतं, ते सोयीचं आहे. एका टिनमध्ये १५६ ग्रॅम मैदा, दुसऱ्यात १७५, बाकी सगळं तोलून सारखं. टिन एकाच मापाचे आहेत माझ्याकडे. मैदा मिसळल्यावर चमच्यावरून मिश्रण कसं पडतं तेही बघून ठेवते. रविवारी करते आणि कापलेल्या तुकड्यांचे फोटो टाकते.

मृण्मयी_ज

नक्की टाक. मी मैत्रिणीलाही तिचा कप तोलायला सांगितलंय. तिचा १३८ भरला, कप २४० चा आहे. कृती तिचीच, आणि तिचा ब्रेड माझ्यापेक्षा नेहमीच जरा मोकळा, मोठ्या जाळीचा व्हायचा. मला वाटायचं तिचा ओव्हन चांगला आहे.